मेणवलीच्या पायरीवर कापशा: जोडलेल्या फोटोत कुत्रा बसवण्याचं एक पूर्ण प्रकरण

साताऱ्यातल्या एका घरच्या आबांची पंचाहत्तरी डिसेंबरात झाली. त्यानिमित्त सगळ्या घराने वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एकत्र फोटो काढून घेतला आणि तो मी काढला. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा हा घाट काळ्या दगडाचा आहे. घाटावरच्या छोट्या देवळात १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे, त्यामुळे तिथे फोटोसाठी माणसं येतच असतात. फोटो छान आला, पण आबांनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "कापशा कुठं हाय?" कापशा म्हणजे घरातला पांढराशुभ्र स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात. गाडीत जागा नव्हती म्हणून तो घरीच राहिला होता.

घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मोबाइलमधला कापशाचा एक फोटो कापून घाटाच्या फोटोत चिकटवून पाहिला होता. मेहनत बरीच घेतली होती, तरी कुत्रा पायरीवर बसल्यासारखा दिसत नव्हता. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, कापलंय तर नीट, मग खोटं का दिसतंय?" कापणं खरंच नीट होतं. खोटेपणा आला होता तो वेगळ्या चार ठिकाणांहून: कॅमेऱ्याची उंची, कुत्र्याचा आकार, कडेची लव आणि दगडावरची सावली. कोणत्याही फोटोत जनावर बसवताना बहुतेक वेळा याच चार ठिकाणी गोष्ट फसते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची उंची. घरातले कुत्र्याचे फोटो आपण उभे राहून, हातभर अंतरावरून, खाली बघत काढतो. अशा फोटोत डोकं मोठं, पाठ आखूड आणि पाय बारीक दिसतात, शिवाय पाठीचा वरचा भाग दिसतो. घाटावरचा फोटो मात्र मी सात मीटरवरून, जवळजवळ समोरून घेतला होता. समोरून दिसणाऱ्या अकरा माणसांमध्ये वरून दिसणारा एक कुत्रा आला की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ते लगेच जाणवतं. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. ताणून, दाबून, वाकवून डोकं लहान करता येईल, पण पाठीचा जो भाग दिसायलाच नको तो झाकता येत नाही आणि छातीचा जो भाग दिसायला हवा तो मुळात फोटोत नसतोच.

म्हणून मी घरच्यांना सांगितलं की मोबाइलमधल्या फोटोंतून काही निवडायला नको, कापशाचा फोटो नव्याने काढू. कुत्रा हयात असेल आणि दोन तास मिळत असतील, तर संगणकावर दोन दिवस झगडण्यापेक्षा हेच बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जागा, मग माप

नवा फोटो कसा काढायचा हे घाटाच्या फोटोनेच सांगितलं. पुढच्या रांगेत डाव्या टोकाला नातू उभा होता आणि मधे आबा वरच्या पायरीवर बसून पाय खालच्या पायरीवर टेकवून होते. नातू आणि आबांच्या मधे मोकळी जागा होती. कापशा तिथेच बसणार, आबांच्या पायाशी, हे घरच्यांनी ठरवलं.

आता माप. नातवाची उंची १२४ सेंटिमीटर. फोटोत तो टाचेपासून डोक्यापर्यंत १०३० पिक्सेल भरला. म्हणजे त्या पायरीवर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ८.३ पिक्सेल. घरच्यांना टेप घेऊन कापशाला मापायला सांगितलं. तो बसलेला असताना जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत ४६ सेंटिमीटर भरला. गुणाकार केला की ३८२ पिक्सेल येतात. त्या कॉलेजच्या मुलाने नजरेने ठेवलेला कुत्रा सहाशेच्या पुढे होता, म्हणजे बसलेला कुत्रा नातवाच्या कमरेच्या वर जात होता. घरच्या माणसांना हे खटकलं, कारण कापशा नातवाच्या पायाशी घोटाळताना ते रोज बघतात.

इथे एक काळजी घ्यावी लागते. माप ज्या पायरीवर काढलं त्याच पायरीवर लागू होतं. पायरीची खोली ४० सेंटिमीटरच्या आसपास आहे. कुत्रा एक पायरी पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे आणला, तर सात मीटरचं अंतर ६.६ होतं आणि तोच कुत्रा सहा टक्के मोठा, सुमारे ४०५ पिक्सेलचा व्हायला हवा. अंगणासारख्या सपाट जागी क्षितिजरेषेचा आधार घेता येतो, कारण कॅमेऱ्याच्या उंचीची रेषा त्या जमिनीवरच्या सगळ्यांना जमिनीपासून सारख्याच उंचीवर कापते. घाटावर दर पायरीला जमीन बदलते. तिथे मोजपट्टी त्याच पायरीवरच्या माणसाची घ्यावी.

कॅमेऱ्याची उंचीही याच हिशेबात निघाली. मी खालच्या सपाट ओट्यावर उभा होतो आणि कॅमेरा डोळ्याच्या जरा खाली, सुमारे १४० सेंटिमीटरवर होता. नातवाच्या पायरीचा उभा भाग फोटोत १६६ पिक्सेल भरला, म्हणजे २० सेंटिमीटर. तो तिसऱ्या पायरीवर होता, म्हणजे माझ्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर. म्हणून त्याच्या पायरीपासून कॅमेऱ्याची उंची फक्त ८० सेंटिमीटर. हे खरं आहे का हे तपासायला कडेच्या दगडी भिंतीचे थर पाहिले. कॅमेऱ्याच्या वरचे थर दूर जाताना खाली उतरतात, खालचे थर वर चढतात आणि कॅमेऱ्याच्या उंचीचा थर आडवा राहतो. तो आडवा थर नातवाच्या कमरेच्या जरा वर आला, म्हणजे हिशेब बरोबर होता.

गच्चीवरचा फोटो

त्यांच्या घराची गच्ची लांबलचक आहे. तिथे त्याच आठवड्यात, दुपारी साडेतीनला, म्हणजे घाटावर फोटो काढला त्याच सुमाराला गेलो. डिसेंबरात साडेतीनला आपल्याकडे सूर्य जमिनीपासून साधारण ३० अंशांवर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या पावणेदोन पटीच्या आसपास पडते. घाटावर ऊन समोरून डावीकडून येत होतं. गच्चीवर सूर्याची दिशा हलवता येत नाही, पण कुत्रा आणि कॅमेरा दोन्ही फिरवता येतात. तसे फिरवून ऊन कापशावर समोरून डावीकडूनच येईल असं केलं. काही जण उलट दिशेच्या उजेडातला फोटो आरशासारखा उलटा करून घेतात. कापशाच्या एका कानाला तांबूस डाग आहे. उलटा केला असता तर तो डाग दुसऱ्या कानावर गेला असता आणि घरातल्या लहान मुलांनी तो सगळ्यांत आधी दाखवला असता.

कॅमेरा तोच, लेन्स तीच ३५ मिमी, तिपाईवर ८० सेंटिमीटर उंचीला, कापशापासून सात मीटर. व्हाइट बॅलन्सचा आकडा घाटावरच्या फोटोइतकाच हाताने लावला, कारण ऑटोवर ठेवलं की पांढरा कुत्रा समोर आल्यावर कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. फोटो रॉमध्ये घेतले. एक्स्पोजर मात्र थोडं कमी ठेवलं. पांढरी लव उन्हात चटकन जळते, आणि एकदा जळली की तिथे केसांचा पोत उरत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो.

खाली काय असावं याचा विचार फारसा कोणी करत नाही. पांढऱ्या लवेचा खालचा भाग, म्हणजे छाती, पोट आणि हनुवटी, जमिनीचा रंग घेतो. गच्चीवर लाल चिनी मोझेकच्या फरश्या होत्या. त्यावर बसवला असता तर पोटावर गुलाबी छटा आली असती आणि काळ्या दगडावर ती विचित्र दिसली असती. म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कामातून उरलेला काळा कडाप्पा आणून टाकला, घासलेली बाजू खाली आणि खरबरीत बाजू वर. चकचकीत बाजू वर असती तर पंजांचं प्रतिबिंब आलं असतं. गालिच्यावर किंवा घोंगडीवर बसवायचं नाही, कारण तिथे पंजे आत रुततात. दगडावर पंजा पसरतो, बोटं फाकतात आणि नखं टेकतात. हा फरक छोट्या आकारातही कळतो.

मागे २० सेंटिमीटर उंचीचे सिमेंटचे ब्लॉक ओळीने लावले. घाटाच्या पायरीचा उभा भागही तेवढाच होता. त्यामुळे कापशाची सावली खरोखरीच्या पायरीवर जशी मोडेल तशी मोडताना मला डोळ्यांनी दिसली. असे फोटो घेऊन झाल्यावर ब्लॉकवर आणि त्यांच्या मागे काळी घोंगडी टाकून दुसरे फोटो घेतले. पहिले सावलीसाठी, दुसरे कापण्यासाठी. हिरवा पडदा लावावा का, असं घरच्यांनी विचारलं होतं. पांढऱ्या लवेच्या मागे हिरवा पडदा म्हणजे प्रत्येक केसाच्या टोकाला हिरवी झाक, आणि ती काढताना लवेचा स्वतःचा रंगही जातो. ज्या जागी बसवायचं त्या जागेच्या रंगाजवळची पार्श्वभूमी असली की कडेला जे काही राहून जाईल ते तिथे मिसळून जातं. घाट काळा, घोंगडी काळी.

संगणकावर पाहिलं तर बसलेला कापशा ३८० पिक्सेलच्या आसपास भरत होता. हिशेबाने ३८२ हवे होते. अंतर, लेन्स आणि उंची तीच ठेवल्याचा हा फायदा: आकार जवळजवळ बदलावाच लागला नाही, आणि त्यामुळे तीक्ष्णपणा आणि फोटोतला बारीक दाणाही आपोआप जुळला. मोठा फोटो एक चतुर्थांश करून बसवला की कुत्रा बाकीच्यांपेक्षा जास्त रेखीव आणि गुळगुळीत दिसतो. मग त्याला थोडं धूसर करणं, दाणा घालणं असा वेगळा उद्योग करावा लागतो.

लव: किती दाखवायची

कापण्यासाठी मी चॅनेल वापरले. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलमध्ये वेगवेगळा पाहिला. निळ्या चॅनेलमध्ये घोंगडी सर्वांत काळी होती. शिवाय लवेच्या सावलीकडच्या बाजूवर आकाशाचा निळसर उजेड पडतो, त्यामुळे ती बाजूही निळ्या चॅनेलमध्ये उजळ दिसते. म्हणून त्याच चॅनेलची प्रत काढली आणि `Levels` ने काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं केलं. ही प्रत म्हणजेच मास्क, त्यात पांढरं तेवढं दिसतं आणि काळं लपतं, म्हणून नाक, डोळे आणि शरीराचा आतला भाग ब्रशने पांढरा भरला. कडेच्या लवेला हात लावला नाही. `Levels` फार ओढले की कडेचे करडे पिक्सेल नाहीसे होतात आणि लव कात्रीने कापल्यासारखी दिसते. कड करडी राहिली पाहिजे, कारण तिथे अर्धा केस आणि अर्धा मागचा दगड असतो.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते. या फोटोत एक सेंटिमीटरला ८.३ पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरच्या जवळ. कुत्र्याचा एक केस त्याच्या कितीतरी पट बारीक असतो. म्हणून या अंतरावरून सुटा केस दिसूच शकत नाही, दिसतात ते केसांचे झुबके आणि कडेची धूसर पट्टी. कॉलेजच्या मुलाने कडेला एकेक केस ब्रशने काढला होता. बारकावा म्हणून केलेलं हे काम कुत्र्याला खोटं करत होतं, कारण सुटे केस दिसणारा कुत्रा डोळ्याला एक तर अगदी जवळचा वाटतो किंवा खेळण्यातला. केसांची जाडीसुद्धा आकार सांगते. मी कडेची सहा ते आठ पिक्सेलची पट्टी अर्धपारदर्शक ठेवली आणि एकही केस काढला नाही.

त्या पट्टीची परीक्षा घ्यायला एक जागा सापडली. कापशाच्या डोक्यामागून दोन पायऱ्या वरच्या पायरीची कड जाते, उन्हात उजळलेली बारीक आडवी रेघ. ती रेघ लवेजवळ येऊन एकदम तुटली तर मास्क चुकला. लवेत शिरताना ती मंद होत होत नाहीशी झाली तर मास्क बरोबर. डाव्या बाजूला ती नीट विरत होती. उजव्या कानाजवळ मात्र काळी किनार दिसली. पायरीचा उन्हातला दगड घोंगडीपेक्षा उजळ असल्याने तिथे राहिलेला घोंगडीचा काळा रंग उठून आला होता. त्यावर कापशाच्या थराला जोडलेला नवा थर घेतला, मोड `Lighten` ठेवला, आतल्या लवेचा रंग उचलला आणि फक्त किनारीवर हलका ब्रश फिरवला. `Lighten` मुळे काळं तेवढंच उजळतं, आधीच उजळ असलेल्या केसांना धक्का लागत नाही.

पांढऱ्याचा पांढरेपणा किती ठेवायचा याला आबांची गांधी टोपी कामी आली. टोपीच्या उन्हातल्या बाजूचे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे साधारण २३८, २३२, २२० असे होते. कापशाची उन्हातली लव त्याच्या वर जाता कामा नये. लव सुती कापडापेक्षा पिवळसर असते, मानेपाशी तर जास्तच. ती २२८, २१९, २०० च्या आसपास आणली. सावलीच्या बाजूला टोपी जशी निळसर झाली होती तशीच लवही होऊ दिली. पांढरा कुत्रा सगळीकडे सारखाच पांढरा ठेवला की तो चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो.

दगडाला टेकणं

लव कितीही चांगली जमली तरी कुत्रा पायरीवर बसला आहे हे ठरतं ते खालच्या दोन बोटं जागेत. मुलाच्या फोटोत पंजांखाली एक मोठी, काळी, धूसर लंबगोल सावली होती. तिने कुत्रा टेकला नाही, उलट हवेत उचलला गेला.

यात दोन वेगळ्या सावल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या करायच्या. एक टेकण्याची. पंजा आणि दगड यांच्या फटीत कुठूनच उजेड शिरत नाही, तिथे जवळजवळ काळी, फक्त तीन-चार पिक्सेलची रेघ असते. ती धूसर नसते, आणि सलगही नसते: नखाखाली ठळक, दोन बोटांच्या मधे तुटक, बुडाखालच्या लवेपाशी मऊ. कडाप्प्यावरच्या फोटोत ती जशी होती तशी पाहून नव्या थरावर काढली. नातवाच्या चपलेखाली तशीच रेघ होती, तिच्याइतकाच काळेपणा ठेवला. मग बुडाजवळची आणि मागच्या पायाची थोडी लव त्या रेघेवरून खाली उतरू दिली. लव दगडावर पसरते. सरळ रेषेत संपणारी लव म्हणजे कुत्रा दगडात पुरला आहे असं वाटतं.

पंजांची जागाही इथेच तपासली. कॅमेरा पायरीपासून फक्त ८० सेंटिमीटर वर आणि सात मीटर दूर असल्याने ४० सेंटिमीटर खोलीची पायरी फोटोत जेमतेम ३८ पिक्सेलची पट्टी दिसते. पुढचे पंजे आणि मागचं बूड यांत पाव मीटर अंतर आहे, फोटोत ते २४ पिक्सेल येतं. सगळं त्या ३८ च्या पट्टीत मावायला हवं. मुलाच्या लंबगोल सावलीची उंचीच शंभराच्या वर होती. ती सावली पायरीच्या पृष्ठभागावर पडलेली असणं शक्यच नव्हतं.

दुसरी सावली उन्हाची. ती कशी पडणार हे नातवाच्या सावलीने दाखवून दिलं होतं. ऊन समोरून डावीकडून, म्हणून सावली मागे आणि उजवीकडे. कापशा पायरीच्या मध्यावर बसलेला, मागची उभी बाजू त्याच्यापासून २० सेंटिमीटरवर. सावली तिथवर पोचेपर्यंत उजवीकडेही २० सेंटिमीटर सरकलेली असते आणि तिथे पायरीला आपटून वर चढते. म्हणून पायरीच्या आडव्या पट्टीवर सावली अगदी चपटी, मग उभ्या बाजूवर पूर्ण उंचीची आणि सरळ, कारण उभ्या वस्तूची उभ्या पृष्ठभागावरची सावली तिरकी होत नाही. सगळी सावली तिथे संपत नाही. कापशाची उंची ४६, त्यातले वरचे नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे कान आणि टाळू, वरच्या पायरीवर जाऊन पडतात आणि तिथे फक्त सात-आठ पिक्सेल जाडीची, उजवीकडे कललेली रेघ उरते. गच्चीवरच्या ब्लॉकवर नेमकं हेच दिसलं होतं. त्या फोटोतल्या सावलीची आकृती उचलली आणि पायरीच्या तीन भागांवर तीन तुकड्यांत बसवली.

धूसरपणा किती? सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी मऊ होते. कानापासून वरच्या पायरीपर्यंत उन्हाचा किरण अर्धा मीटर प्रवास करतो, म्हणजे कड अर्धा सेंटिमीटर, चार पिक्सेल. पायरीच्या उभ्या बाजूवर त्याहून कमी. लवेमुळे कडेतून थोडा उजेड गळतो, म्हणून एक-दोन पिक्सेल जास्त धरले. स्वच्छ उन्हातली सावली अशी बरीच रेखीव असते. वीस-तीस पिक्सेल धूसर केलेली सावली ढगाळ दिवसाची दिसते, आणि बाजूला नातवाची सावली कडक उन्हाची असेल तर दोन दिवस एकाच फोटोत येतात.

काळेपणा नजरेने ठरवला नाही. नातवाच्या सावलीतला दगड आणि त्याच्या शेजारचा उन्हातला दगड मोजला. उजेडाचा आकडा उन्हात ११८ च्या आसपास आणि सावलीत ४६ च्या. तेवढा उतार देणारा एक `Curves` थर केला आणि त्याच्या मास्कमध्ये कापशाच्या सावलीची आकृती भरली. काळा रंग वरून ओतला तर दगडाचे छिद्र, शेवाळाचे डाग आणि जुन्या छिन्नीच्या खुणा बुजतात. `Curves` ने त्या खुणा सावलीतही जिवंत राहतात. निळा चॅनेल बाकी दोघांपेक्षा थोडा कमी उतरवला, कारण उन्हातल्या सावलीत उजेड येतो तो आकाशाचा.

उरला आबांचा पाय. सावलीची उजवी बाजू आबांच्या पोटरीमागे जाते, तिथे ती धोतराने झाकली. पण पोटरी पायरीच्या उभ्या बाजूपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे आहे, त्यामुळे सावलीची कड धोतराच्या निऱ्यांवर तीन-चार सेंटिमीटर चढायला हवी. तेवढीच चढवली, निऱ्यांच्या घडीबरोबर वळवत, आणि रंग धोतराच्याच सावलीतल्या भागातून घेतला. या अरुंद पट्टीने जितकं काम केलं तितकं बाकी कशानेच केलं नसेल. कुत्रा नुसता पायरीला टेकला नाही, तो माणसाच्या शेजारी आला. जनावर फोटोत बसवताना त्याची सावली शेजारच्या कोणावर पडते का, आणि कोणाची त्याच्यावर, हे आधी पाहावं. दगडावरची सावली सगळे काढतात, कपड्यावरची बहुतेकांची राहून जाते.

तपासायला मी फोटो आडवा उलटवून पाहिला, मग काळा-पांढरा करून. रंग गेला की उजेडातला फरक उघडा पडतो. कापशाची छाती शेजारच्या धोतरापेक्षा जरा जास्त उजळ दिसली, ती थोडी उतरवली. शेवटी १८ बाय २४ इंचाची नमुना प्रिंट काढली. पडद्यावर न दिसणारी काळी किनार कागदावर कधी कधी दिसते, इथे दिसली नाही. घरच्यांना मी सांगितलं की हा फोटो जोडलेला आहे हे मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. वडील म्हणाले, "आबांना माहीतच आहे की." पुढच्या पिढीला माहीत नसणार, म्हणून लिहा म्हटलं, आणि त्यांनी लिहिलं.

हे सगळं जमलं कारण कापशा घरी होता. जनावर गेलेलं असेल आणि हातात फक्त मोबाइलमधले वरून काढलेले फोटो असतील, तर पायरीवर बसवायच्या भानगडीत मी पडत नाही. ४५ अंशांतून वरून पाहिलेला कुत्रा खरा दिसायला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, खाली जमिनीवर असायला हवा, आणि तेवढी जागा कुटुंबाच्या फोटोत नसते. अशा वेळी घरच्यांचे सगळे जुने फोटो मागवतो आणि त्यांत कोणी खाली बसून किंवा जिन्याच्या खालच्या पायरीवरून काढलेला एखादा सापडतो का ते बघतो. लहान मुलांनी काढलेले फोटो बहुधा कामाचे निघतात, त्यांचा हात मुळातच खाली असतो. तसा फोटो मिळाला नाही तर कुत्र्याला कोणाच्या तरी मांडीवर घेतो, छातीपासून वरचाच भाग दाखवून. तिथे पंजे आणि जमीन दोन्ही हाताआड जातात आणि मानेचा कोन थोडा चुकला तरी चालतो. तेही जमत नसेल तर त्याचा फोटो वेगळ्या चौकटीत लावा असं सांगतो आणि काम घेत नाही.